घरचा फ्रीज दुकानात वापरताना: गॅस भरण्याआधी एक रात्र थांबा

प्रश्न: खानापूरजवळ घराच्या पुढच्या खोलीत माझं छोटं दुकान आहे. घरचाच १९० लिटरचा सिंगल डोअर फ्रीज वापरते. त्यात दूध, दही, ताक, इडलीचं पीठ आणि पाण्याच्या बाटल्या असतात. तीन महिन्यांपासून फ्रीज दिवसभर बंदच होत नाही, वर बोटभर बर्फ धरतो, तरी संध्याकाळी दही आंबलेलं असतं. मेकॅनिक गॅस भरायला सांगतो. दार सारखं उघडल्यामुळे असं होत असेल का? नॉब शेवटपर्यंत फिरवून पाहिला, फरक नाही. मोठा फ्रीज घेऊ का?

उत्तर: तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून गॅस कमी झाला असण्याची शक्यता मला थोडी वाटते आणि दाराच्या उघडझापीची शक्यता बरीच जास्त वाटते. पण न पाहता असे सांगणे आणि न पाहता गॅस भरा म्हणणे यांत फारसा फरक नाही. म्हणून आधी तुम्हाला स्वतः करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. तिला खर्च एका थर्मामीटरचा आणि वेळ एका रात्रीचा लागतो.

बाजारात वायरच्या टोकाला सेन्सर असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो घ्या. दुकान बंद केल्यावर माल काढून शेजारच्या किंवा घरातल्या दुसऱ्या फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीज बंद करून सगळा बर्फ वितळू द्या आणि आतून कोरडा पुसून घ्या. हे सुटीच्या आदल्या दिवशी केलेले बरे. मग फ्रीज चालू करा, नॉब मधल्या आकड्यावर ठेवा, मधल्या जाळीवर पेलाभर पाणी ठेवून त्यात सेन्सर बुडवा आणि वायर दाराच्या रबराखालून बाहेर काढा. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका, कारण हवेचे तापमान सारखे हलते, तर पेल्यातले पाणी तुमच्या दह्यासारखेच सावकाश तापते आणि सावकाश निवते. दार लावल्यावर सकाळपर्यंत उघडू नका.

सकाळी पाणी ३ ते ६ अंश सेल्सिअसवर आले असेल आणि कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर यंत्र धडधाकट आहे. त्याच्यावर दिवसा पडणारा भार त्याच्या कुवतीबाहेरचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. याउलट रात्रभर दार बंद असूनही पाणी १० अंशांच्या खाली येत नसेल, तर मात्र बिघाड आहे आणि तो शोधायला हवा. त्या वेळी वरच्या बर्फाच्या कप्प्याकडे नीट पाहा. गॅस कमी असेल तर कप्प्याच्या एका भागात, म्हणजे गॅस जिथून आत शिरतो त्या बाजूला, बर्फ जाड धरतो आणि बाकीचा पत्रा ओला किंवा कोरडाच राहतो. तुम्ही लिहिले आहे की बोटभर बर्फ धरतो. तो कप्प्याच्या चारही बाजूंना सारखा असेल, तर पत्र्याच्या सगळ्या भागाला गॅस पोहोचतो आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

बेळगावात हे काम सुरू केले तेव्हाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी स्वतः ही चूक केलेली आहे. एका बेकरीवाल्याच्या फ्रीजमध्ये एकाच उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला. दोन्ही वेळा चार-पाच दिवस फ्रीज उत्तम चालला आणि पुन्हा होता तसा झाला. सुधारणा गॅसमुळे नव्हतीच. गॅस भरताना फ्रीज रिकामा केला जाई, बर्फ निघून जाई आणि दुरुस्ती चालू असल्यामुळे दिवसभर दारही उघडले जात नसे, म्हणून तो नीट गार होई. हे लक्षात यायला मला बराच काळ लागला.

आता दार उघडल्यावर आत काय होते ते पाहू. गार हवा जड असते. उभ्या फ्रीजचे दार उघडले की ती खालच्या बाजूने पायांवर ओघळते आणि तेवढीच बाहेरची हवा वरून आत शिरते. दार उघडल्यावर पावलांना गारवा जाणवतो, तो हाच. ही अदलाबदल फार भरभर होते, आणि पहिल्या दहा-पंधरा सेकंदांतच आतली बरीचशी हवा बदललेली असते. म्हणून दार अर्धा मिनिट उघडे राहिले किंवा पाव मिनिट, यापेक्षा दिवसातून ते किती वेळा उघडले याला दुकानात जास्त महत्त्व आहे. घरात दिवसाकाठी पंधरा-वीस वेळा उघडणारे दार दुकानात सहज दीडशे वेळा उघडते.

माल भरलेल्या १९० लिटरच्या फ्रीजमध्ये मोकळी हवा साधारण १३० लिटर असते. ती सगळी बदलली, तर नव्या हवेतली उष्णता आणि ओल काढून टाकायला यंत्राला माझ्या हिशेबाने आठ किलोज्यूलच्या आसपास काम पडते. किलोज्यूल हे माप अनोळखी वाटेल म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. एक लिटर कोमट पाणी फ्रीजइतके गार करायला सुमारे १०५ ते ११० किलोज्यूल लागतात, म्हणजे एक गरम बाटली आत ठेवणे हे तेरा-चौदा वेळा दार उघडण्यासारखे आहे. हे प्रमाण ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आपल्या भागापुरती एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. उन्हाळा संपला की फ्रीजला आराम मिळतो, असे बहुतेकांना वाटते. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडची हवा ३५ अंशांवर जाते, पण ती तुलनेने कोरडी असते. जुलैत खानापुरात, त्यातही जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, हवा २५ अंशांची असते पण ओलीचिंब असते. ती ओल आत जाऊन गार पत्र्यावर पाणी होते आणि मग बर्फ होते, आणि वाफेचे पाणी होताना ती बरीच उष्णता आत सोडते. सगळा हिशेब मांडला तर पावसाळ्यात एकदा दार उघडण्याचा भार उन्हाळ्याइतकाच निघतो, कधी थोडा जास्तच. प्रत्येक वेळी दोनएक ग्रॅम पाणी आत जाते. त्यातले काही भिंतीवरून ओघळून मागच्या छिद्रातून निघून जाते आणि उरलेले वरच्या कप्प्यावर बर्फ होऊन बसते. तुमची तक्रार तीन महिन्यांची आहे. ती पावसाबरोबर सुरू झाली का, हे आठवून पाहा.

या बर्फानेच पुढचा घोळ होतो. सिंगल डोअर फ्रीजमध्ये गारवा तयार होतो तो वरच्या कप्प्याच्या पत्र्यात, आणि तिथूनच तो खाली उतरतो. पत्र्यावर बोटभर बर्फ बसला की त्याची गोधडी होते. पत्रा आत अतिशय गार असतो, पण त्याची थंडी खालच्या दह्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय या फ्रीजच्या थर्मोस्टॅटची नळी त्याच पत्र्याला चिकटवलेली असते. तिला दह्याचे तापमान कळत नाही, पत्र्याचे कळते. त्यामुळे बर्फ आणखी वाढला की पत्रा लवकर गार होऊन कॉम्प्रेसर बंदही पडू लागतो आणि खाली दूध मात्र कोमटच राहते. तुमचा फ्रीज अजून सतत चालण्याच्या टप्प्यावर आहे. थोड्या दिवसांनी तो आपोआप बंद होऊ लागला आणि दही तरीही आंबतच राहिले, तर तो सुधारला असे समजू नका.

नॉब शेवटपर्यंत फिरवून फरक का पडला नाही, तेही यातूनच कळेल. नॉबने यंत्राची ताकद वाढत नाही. कॉम्प्रेसर कधी थांबायचा, एवढेच तो ठरवतो. तुमचा कॉम्प्रेसर मुळात थांबतच नव्हता, तेव्हा तो आकडा वाढवून काही मिळण्यासारखे नव्हते. झालेच तर रात्री, गरज नसताना, पत्रा जास्त गार होऊन बर्फाचा थर आणखी वाढला. नॉब पुन्हा मध्यावर आणा.

शहापुरातल्या एका ताईंचे उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यांचे दुकान तुमच्यासारखेच होते आणि तिथे मी वही घेऊन बसलो होतो. फ्रीज १९० लिटरचाच, माल दही, ताकाच्या पिशव्या, अर्ध्या लिटरची दुधाची पाकिटे, इडलीचे पीठ आणि लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. महिना एप्रिलचा. संध्याकाळी साडेचार ते सात या अडीच तासांत दार ५८ वेळा उघडले. त्यांपैकी ३१ वेळा पाणी आणि ताकासाठी, १५ वेळा दुधासाठी, ९ वेळा पीठ-दह्यासाठी, आणि ३ वेळा काय उरले आहे ते नुसते पाहण्यासाठी. पेल्यातले पाणी साडेचारला ७ अंशांवर होते, सात वाजता १३ वर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते ४ अंशांवर होते. यंत्रात काही दोष नाही, हे त्या सकाळच्या आकड्यावरून सिद्ध झाले.

आता त्या अडीच तासांचा जमाखर्च मांडू. एवढ्या फ्रीजचा कॉम्प्रेसर आतली उष्णता बाहेर काढतो तो ढोबळमानाने १०० वॉटच्या वेगाने, म्हणजे अडीच तासांत अखंड चालून ९०० किलोज्यूल. त्यातले ३८० च्या आसपास बंद दारातून, भिंतींतून झिरपणाऱ्या उष्णतेपायी जातात, ते टाळता येत नाहीत. उरले ५२०. दार ५८ वेळा उघडण्याचे ४६०. मागे राहिले ६०, म्हणजे जेमतेम अर्धा लिटर पाणी गार करण्यापुरते. आणि ताईंनी साडेतीनला, संध्याकाळच्या गिऱ्हाइकासाठी म्हणून, लिटरच्या बारा गरम बाटल्या आत लावल्या होत्या. त्या गार करायला १३०० किलोज्यूल हवे होते. ते यंत्राकडे नव्हते, म्हणून बाटल्यांनी आपली उष्णता शेजारच्या दह्याला आणि दुधाला वाटली. दह्याचे विरजण १०-१२ अंशांवर पूर्ण झोपत नाही, हळूहळू काम करीत राहते, आणि रोज चार-पाच तास असे मिळाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दही आंबणारच.

हे आकडे तोळामाशाचे नाहीत. तुमच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर थोडा लहान-मोठा असेल, प्रत्येक वेळी आतली सगळी हवा बदलतही नसेल. पण संध्याकाळच्या गर्दीत घरच्या फ्रीजकडे शिल्लक जवळजवळ काही उरत नाही, आणि रात्री मात्र त्याची ताकद नुसती पडून असते, हे त्यातून नक्की दिसते. सगळा उपाय या एका फरकावर उभा आहे. संध्याकाळचे काम जेवढे रात्रीवर ढकलता येईल तेवढे ढकलायचे.

ताईंनी तीन बदल केले. पहिला बदल बाटल्यांचा. पाण्याच्या बाटल्या रात्री नऊला, दुकान बंद करताना भरायच्या, दुपारी एकही गरम बाटली आत जाणार नाही. रात्री दार बंद असल्यामुळे त्या सकाळपर्यंत गार होतात.

दुसरा बदल विक्रीच्या डब्याचा, आणि खरा फरक त्यानेच पडला. मासळीबाजारात असतो तसा जाड थर्माकोलचा झाकणाचा खोका गल्ल्याजवळ ठेवला. रात्री एक लिटरच्या दोन बाटल्यांत पाऊण भाग पाणी भरून त्या वरच्या कप्प्यात गोठवायच्या. काठोकाठ भरू नका, बर्फ फुगून बाटली फुटते. दुपारी चारला त्या गोठलेल्या बाटल्या खोक्यात तळाशी आणि बाजूला लावायच्या आणि फ्रीजमधून एकदाच, आधीच गार झालेला संध्याकाळपुरता माल काढून त्यात रचायचा: दहा-बारा दुधाची पाकिटे, ताकाच्या पिशव्या, चार-पाच पाण्याच्या बाटल्या. खोक्याचे झाकण वरून उघडते, त्यामुळे गार हवा जड असूनही सांडत नाही, विहिरीतल्या पाण्यासारखी आत बसून राहते. गोठवलेली प्रत्येक बाटली वितळताना दोन-अडीचशे किलोज्यूल उष्णता शोषते, आणि ती सोय फ्रीजने रात्री, निवांतपणी करून ठेवलेली असते. खोक्यातही थर्मामीटर ठेवा. ८ अंशांच्या वर जाऊ लागले तर उरलेले दूध परत फ्रीजमध्ये टाका, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून एक बाटली वाढवा. दुधाची पाकिटे वितळलेल्या पाण्यात लोळणार नाहीत इतकी काळजी घ्या. बाटलीचे बूच घट्ट असेल तर तो प्रश्न येत नाही.

तिसरा बदल पिठाचा. इडलीचे पीठ फुगल्यावर पाच किलोच्या स्टीलच्या डब्यात तसेच आत जात होते. दाट पीठ हे पाण्यासारखे आतल्या आत फिरत नाही, त्यामुळे डब्याच्या कडेचे पीठ गार झाले तरी मधले कित्येक तास कोमट राहते आणि फुगत-आंबत राहते. सकाळी डब्याचे झाकण उचललेले दिसते ते त्यामुळे. फुगल्याबरोबर ते अर्ध्या आणि एक किलोच्या पिशव्यांत भरून, पिशव्या जाळीवर आडव्या, एकमेकींत थोडी फट ठेवून लावल्या की तेच पीठ पुष्कळ लवकर निवते. आणखी एक म्हणजे, दाराच्या कप्प्यांत दूध-दही ठेवू नका. दार उघडले की सगळ्यात आधी तोच भाग तापतो. तिथे लोणच्याची बाटली, सॉस, फार तर पाणी ठेवावे. दही मधल्या जाळीवर, मागच्या बाजूला.

या बदलांनंतर त्याच अडीच तासांत दार १४ वेळा उघडले आणि सातला पेल्यातले पाणी ८ अंशांवर होते. अन्न ५ अंशांच्या आत ठेवावे हा नियम मला ठाऊक आहे, आणि ८ हा काही आदर्श आकडा नव्हे. पण तो तासाभरातच पुन्हा खाली येत होता, आणि १३ वरून ८ वर येण्यात दह्याचा एक दिवस वाचला.

बर्फाविषयी नियम साधा ठेवा. पेन्सिलच्या जाडीइतका थर दिसला की रात्री नॉबच्या मधले डीफ्रॉस्टचे बटण दाबा. बर्फ वितळला की फ्रीज आपोआप पुन्हा चालू होतो. पावसाळ्यात हे आठवड्यातून दोनदा करावे लागले तरी करा. सुरी, उलथने, स्क्रू ड्रायव्हर यांनी बर्फ खरवडू नका. त्या पत्र्यातच गॅसचा मार्ग असतो, त्याला टाचणीएवढे भोक पडले तरी गॅस निघून जातो आणि मग मात्र तुमच्या मेकॅनिकचे म्हणणे खरे ठरते. नव्या फ्रीजमधला आर ६००ए हा गॅस ज्वालाग्राहीही असतो, म्हणून फुस्स आवाज आला तर खिडक्या उघडा, काडी ओढू नका आणि त्या खोलीतले कुठलेही बटण चालू-बंद करू नका.

सतत उघडझापीचा दुसरा मार दाराच्या रबरावर आणि बिजागरीवर बसतो. शंभर रुपयांची नोट दारात अडकवून दार लावा आणि नोट ओढा. ती थोडी अडून निघाली तर रबर ठीक, अलगद निघून आली तर त्या जागी हवा आत जाते आहे. हे चारही बाजूंना करा, विशेषतः हँडलच्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्यात. रबर नुसते मळलेले असेल तर कोमट साबणाच्या पाण्याने पुसल्यावर पुष्कळदा पूर्ववत बसते. दार खाली झुकले असेल तर बिजागरीला तपासायला हवे.

कॉम्प्रेसरचे म्हणाल तर सतत चालणे एवढ्यानेच तो मरत नाही. त्याला मारते ती उष्णता, आणि वारंवार अवेळी सुरू होणे. दुकानात फ्रीज भिंतीला टेकवलेला असतो, वर खोकी रचलेली असतात, मागे पिठाची आणि कांद्याच्या टरफलांची धूळ बसलेली असते. मागच्या जाळीतून किंवा बाजूच्या पत्र्यांतून जी उष्णता बाहेर पडायची ती तिथेच कोंडते. मागे चार-पाच बोटे आणि बाजूंना दोन-तीन बोटे मोकळी ठेवा, आणि गॅसची शेगडी असेल तर फ्रीज तिच्यापासून दूर न्या. संध्याकाळी व्होल्टेज पडते त्या वेळी तापलेला कॉम्प्रेसर सुरू होऊ शकत नाही. मागून टक् असा आवाज येतो, काही मिनिटांनी पुन्हा टक्. असे ऐकू आले तर फ्रीज तिथल्या तिथे बंद करा, दहा मिनिटांनी लावा, आणि वेळ घेऊन चालू होणारा स्टॅबिलायझर बसवा. वीज गेल्यावर लगेच आली तरी फ्रीजने चार-पाच मिनिटे थांबूनच सुरू व्हायला हवे, म्हणजे आतला दाब बरोबर होतो.

आता मोठा फ्रीज घ्यावा का, हा प्रश्न. घरचाच, पण २५०-३०० लिटरचा डबल डोअर घेऊन तुमचा त्रास संपणार नाही. त्याचा कॉम्प्रेसर आकाराच्या मानाने थोडाच मोठा असतो, दारही मोठे असते, म्हणजे प्रत्येक वेळी जास्त हवा सांडते. त्यात पंखा थंडी फिरवतो आणि बर्फ ठराविक वेळेने हीटरने वितळवला जातो. ओल फार आत गेली तर हीटर पुरा पडत नाही, मागच्या जाळीत बर्फ अडकतो, आणि वरचा फ्रीझर कडक राहून खालचा कप्पा गरम होऊ लागतो. ही खूण दिसली की दुकानदार पुन्हा गॅसकडेच बोट दाखवतात. शिवाय घरगुती फ्रीज दुकानात वापरला तर हमी लागू होत नाही, अशी अट बहुतेक कंपन्यांच्या हमीपत्रात असते. ती वाचून घ्या.

पैसे घालायचेच असतील तर विक्रीचा माल निराळा काढा. दूध आणि ताकाच्या पिशव्या जास्त विकत असाल तर वरून उघडणारा १०० लिटरचा छोटा चेस्ट घ्या, जो फ्रीझर म्हणून किंवा कूलर म्हणून, दोन्ही प्रकारे चालतो. कूलरवर ठेवला की पिशव्या गोठत नाहीत, आणि थर्माकोलच्या खोक्याचे तत्त्व त्यात यंत्रासकट मिळते. दिवसाला पन्नासांवर थंड पेये आणि पाणी विकत असाल तर काचेच्या दाराचा व्हिजी कूलर बरा, कारण त्यातला माल दार न उघडता दिसतो, दार आपोआप लागते आणि आतला पंखा गारवा लवकर परत आणतो. मात्र व्हिजी कूलर हा बंद बाटल्यांसाठी बनवलेला असतो. तिथे उघड्या पातेल्यात दही किंवा पीठ ठेवले, तर पंख्याच्या वाऱ्याने वरची साय वाळते. दोन्हींपैकी काहीही घेतले तरी तुमचा जुना फ्रीज पीठ, विरजलेले दही आणि रात्री गोठवायच्या बाटल्या यांना पुरून उरेल, कारण मग त्याचे दार पुन्हा घरातल्याइतकेच उघडेल.

एवढे करण्याआधी मात्र एक आठवडा वही ठेवा. दारावर कागद चिकटवून प्रत्येक उघडण्याला एक रेघ मारा आणि समोर काय काढले त्याचे एक अक्षर लिहा: पा, दू, ता, द, पी. शहापूरच्या ताईंना स्वतःच्या अंदाजाने दार संध्याकाळी वीसेक वेळा उघडते असे वाटत होते.

आणि सकाळच्या परीक्षेत फ्रीज नापास झाला, तर मेकॅनिकला गॅस भरण्याआधी तो कुठून गेला ते शोधायला सांगा. बंद नळ्यांतला गॅस आपोआप संपत नाही. गळती न शोधता नुसता भरून देणारा माणूस दोन महिन्यांनी त्याच कामाचे पैसे परत मागेल.